लेखातले एक तृतीयांश शब्द कमी करायचे आहेत, आधी काय काढायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेख लिहून झाला आहे, बराचसा मनासारखा उतरला आहे, आणि आता तीन हजार शब्दांचे दोन हजार करायचे आहेत. अशा वेळी लेखक जे प्रश्न हमखास विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ती माहितीपर लेखांना, अहवालांना आणि निबंधांना लागू पडतात. कवितेला किंवा कथेला ती जशीच्या तशी लावू नयेत, कारण तिथे एखादा शब्द अर्थापेक्षा लयीसाठीही आलेला असतो.

वाक्यं घट्ट करत गेलं की शब्द आपोआप कमी होतील ना?

होतील, पण पुरेसे नाहीत. नीट लिहिलेल्या लेखातून वाक्यं घट्ट करून साधारण दहावा हिस्सा निघतो. लेखन सैल असेल तर त्याहून थोडा जास्त. आपल्याला त्याच्या तिपटीहून जास्त काढायचं आहे. तेवढं फक्त वाक्यांतून काढायला गेलं की आधी ‘म्हणून’, ‘पण’, ‘त्यामुळे’ हे जोडणारे शब्द जातात, मग उदाहरणांतले तपशील जातात. उरलेला लेख छोटा होतो खरा, पण तो तुटक आणि वाचायला जास्त कष्टाचा होतो. वाचकाला दोन वाक्यांमधलं नातं स्वतः शोधावं लागतं.

दुसरी अडचण क्रमाची आहे. सकाळभर बसून एक परिच्छेद घासूनपुसून नीट केला आणि संध्याकाळी लक्षात आलं की तो परिच्छेदच नको होता, तर मेहनत वाया जातेच, शिवाय तो काढणं अवघड होऊन बसतं. त्यामुळे उतरता क्रम ठेवावा: आधी पूर्ण विभाग, मग परिच्छेद, मग उदाहरणं, त्यानंतर वाक्यं आणि सगळ्यात शेवटी शब्द.

प्रत्येक भागातून सारखाच तिसरा हिस्सा काढला तर न्याय्य होणार नाही का?

भागांना न्याय मिळेल, वाचकाला मिळणार नाही. सात भागांचा लेख असा कापला की सातही भाग उरतात, पण एकही पुरेसा खोल राहत नाही. प्रत्येक मुद्दा उल्लेखापुरता येतो. दोन हजार शब्दांच्या लेखात तीन हजारांच्या लेखाइतकेच मुद्दे मावत नाहीत, हे आधी मान्य करावं लागतं. म्हणजे निवड मुद्द्यांची करायची आहे, शब्दसंख्या तिच्या मागोमाग येते.

मग आधी कोणता भाग काढायचा, हे ठरवायचं कसं?

बहुतेक जण सगळ्यात कच्चा भाग शोधतात. ती कसोटी फसवी आहे. कच्चा भाग कदाचित सगळ्यात गरजेचा असेल आणि कच्चा राहिला असेल तो अवघड होता म्हणून. मी विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: या भागावर पुढचं काय टेकलेलं आहे? ज्या भागावर काहीच टेकलेलं नाही, तो आधी जातो.

त्यासाठी लेखाचा नकाशा करावा लागतो. एका कागदावर सगळ्यात वर एक वाक्य लिहा: हा लेख वाचून झाल्यावर वाचकाला नेमकं काय समजलेलं असायला हवं. वाक्य एकच हवं, त्यात ‘आणि शिवाय’ नको. त्याखाली प्रत्येक भागाचं नाव, त्याची शब्दसंख्या, आणि तो वाचकाच्या हातात काय देतो हे लिहा. मग प्रत्येक भागापुढे नोंदवा की पुढच्या कोणत्या भागाला त्याची गरज पडते. ही शेवटची नोंद करायला वेळ लागतो, कारण त्यासाठी लेख लेखक म्हणून न वाचता, यातलं काहीच माहीत नसलेला माणूस म्हणून वाचावा लागतो. तरी टाळू नका. बाकीचे निर्णय याच नोंदीवरून होतात.

एखादं उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवाल का?

समजा, मधमाशीच्या नाचावरचा तीन हजार शब्दांचा लेख आहे. वरचं वाक्य असं ठरलं: ‘फुलं सापडलेली मधमाशी अंधाऱ्या पोळ्यावर नाचून बाकीच्या माश्यांना दिशा आणि अंतर कसं सांगते.’ लेखात सात भाग आहेत. बागेतल्या सकाळचं वर्णन करणारी सुरुवात 280 शब्दांची. पोळ्यातलं जीवन, म्हणजे राणी, नर, कामकरी माश्या आणि त्यांची कामं, 450 शब्दांत. कार्ल फॉन फ्रिश या संशोधकाचं आयुष्य आणि प्रयोग 520. प्रत्यक्ष नाच 600. अंधारात बाकीच्या माश्या तो कसा ओळखतात, 350. माश्या खरंच नाचावरून जातात की वासावरून, हा शास्त्रज्ञांमधला वाद 420. आणि मधमाश्यांची घटती संख्या व पर्यावरण यावरचा शेवट 380. एकूण बरोबर तीन हजार.

आधी शेवट पाहू. घटत्या संख्येवर लेखातलं काहीही टेकलेलं नाही आणि वरच्या वाक्यातही तिला जागा नाही. विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच त्याला स्वतंत्र लेख हवा. 380 शब्द पूर्ण गेले.

पोळ्यातलं जीवन इतक्या सहज काढता येत नाही. नाच समजायला त्यातल्या तीन गोष्टी लागतात: पोळं उभं असतं, आत अंधार असतो, आणि अन्न शोधायला बाहेर जातात त्या कामकरी माश्या. राणी, नर, अंडी, मेण यांपैकी कशाचीही पुढे गरज पडत नाही. या तीन गोष्टी 90 शब्दांत बसल्या, 360 वाचले. मोठ्या भागांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. भाग पूर्ण ठेवायचा नसतो आणि पूर्ण काढायचाही नसतो. त्यातून टेकू देणारी दोनतीन वाक्यं उचलून जिथे त्यांचं काम पडतं तिथे नेऊन ठेवायची असतात.

सुरुवातीच्या बागेतून फक्त एक माशी फुलावरून उडून परत येते एवढं लागतं. 80 शब्द ठेवले, 200 गेले. आतापर्यंत 940 कमी झाले, लेख 2060 वर आला.

फॉन फ्रिशच्या भागात मोह होतो तो दोन प्रयोगांपैकी एक काढण्याचा. दोन्ही वाचायला सारखे वाटतात: ठरावीक ठिकाणी माश्यांना खाद्य द्यायचं, मग इतर ठिकाणी वासाच्या ताटल्या मांडून कुठे किती माश्या येतात ते मोजायचं. पण एका प्रयोगात ताटल्या पंख्यासारख्या पसरलेल्या आहेत, तो दिशेची साक्ष देतो. दुसऱ्यात त्या एकाच दिशेला कमीजास्त अंतरावर आहेत, तो अंतराची साक्ष देतो. वरच्या वाक्यात दिशा आणि अंतर दोन्ही आहेत, त्यामुळे दोन्ही प्रयोग राहतात. जातं ते चरित्र: 1886 साली व्हिएन्नात जन्म, घरचं वातावरण, शिक्षण. 1973 चं नोबेल एका उपवाक्यात राहू शकतं. 130 शब्द कमी झाले, लेख 1930 वर.

वासाचा वाद पहिल्या नजरेला सगळ्यात सहज काढण्याजोगा वाटतो. तो ‘इतिहास’ वाटतो, आणि 420 शब्द एका फटक्यात मिळतात. पण नीट पाहिलं तर लेखाचं मुख्य विधानच त्यावर उभं आहे. नाचात माहिती असते, एवढ्याने माश्या ती वापरतात हे सिद्ध होत नाही. त्या वासाच्या मागेही गेल्या असतील. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नाच पाहिलेल्या माश्यांचा मार्ग रडारने टिपला आणि त्या नाचाने सांगितलेल्या दिशेनेच गेल्या, हे इथेच येतं. हा भाग राहिला.

काढलेल्या जागा जोडायला साधारण 60 शब्द लागले. लेख 1990 वर आला, आणि अजून एकाही वाक्याला आतून हात लावलेला नाही. त्यानंतर वाक्यं घट्ट केल्यावर आणखी दीडशे शब्द सुटले. ते वाया घालवू नयेत. नाचाच्या भागात कोनाचं स्पष्टीकरण अवघड आहे, तिथे 130 शब्द परत दिले: माशी सरळ वर नाचली तर फुलं सूर्याच्या दिशेला आहेत, उभ्या रेषेच्या उजवीकडे 40 अंशांवर नाचली तर सूर्याच्या उजवीकडे 40 अंशांवर. शेवटी लेख 1970 शब्दांचा झाला आणि त्याचा मधला भाग आधीपेक्षा मोठा झाला. छोटा करताना लेखाचा एखादा भाग वाढला तर बिचकू नये. नेमका तोच भाग वाचकाला अडवत असतो.

हजार कमी करायचे असतील तर नेमके हजारच काढायचे का?

थोडे जास्त धरा. भाग काढला की तिथे एखादं जोडवाक्य येतं, आधी कुठेतरी सांगितलेली व्याख्या पुन्हा द्यावी लागते. हजाराच्या कापणीला साठ ते शंभर शब्द या सांध्यांसाठी बाजूला ठेवावेत. नाहीतर सगळं संपल्यावर पन्नास शब्द जास्त भरतात आणि मग घाईत चुकीच्या ठिकाणी हात पडतो.

माझा सगळ्यात सुंदर परिच्छेदच जायची वेळ आली आहे. काय करू?

त्याच्यावर काय टेकलेलं आहे तेच विचारा. काहीच नसेल तर तो जातो. सुंदर लिहिलेला, पण ज्याच्यावाचून लेखाचं अडत नाही असा परिच्छेद लेखाला थांबवतो. वाचक तिथे रमतो आणि पुढे आल्यावर धागा विसरलेला असतो.

एक अपवाद मी नक्की करतो. काही परिच्छेद माहिती देत नाहीत, पण वाचकाला पुढच्या अवघड भागासाठी तयार करतात किंवा अवघड भागानंतर श्वास घेऊ देतात. कोनाच्या हिशेबानंतर आलेलं, माशी नाचताना अंग थरथरवते त्याचं चार ओळींचं वर्णन हे असंच. त्याच्यावर पुढचा मुद्दा टेकत नाही, वाचकाचं लक्ष टेकतं. असा परिच्छेद ओळखायची खूण त्याची जागा आहे. तो अवघड भागाला लागून असेल तर थांबा, विचार करा. लेखाच्या सुरुवातीला, जिथे अजून काहीच अवघड झालेलं नाही, तिथे असेल तर तो बहुधा लेखकाला सूर सापडावा म्हणून लिहिला गेलेला असतो. सूर सापडल्यावर त्याचं काम झालं.

बातमीसारखं शेवटून कापत आलं तर?

बातमीत ते चालतं, कारण ती त्यासाठीच उलट्या पिरॅमिडच्या रचनेत लिहिलेली असते: सगळ्यात महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. पानावर जागा कमी पडली की खालच्या ओळी उडवता येतात. लेखाची रचना तशी नसते. वरच्या उदाहरणात शेवट गेला, पण त्याच्या आधीचा वादाचा भागही शेवटाकडेच होता आणि तो काढला असता तर लेखाचा पायाच निघाला असता.

एकाच मुद्द्याची तीन उदाहरणं आहेत. किती ठेवू?

बहुतेक वेळा एक, आणि तेही तपशिलासह. तीन उदाहरणं प्रत्येकी दोन वाक्यांत सांगण्यापेक्षा एक उदाहरण पाच वाक्यांत सांगितलं तर शब्दही वाचतात आणि मुद्दाही जास्त पोचतो. त्याआधी मात्र ती खरंच एकाच मुद्द्याची आहेत का, ते तपासा. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ‘यावरून कळतं की’ असं म्हणून वाक्य पूर्ण करून पाहा. वाक्यं सारखी झाली तर एक ठेवा. वेगळी झाली तर ती दोन प्रयोगांसारखी आहेत, वरून सारखी दिसणारी. मुद्द्याची सीमा दाखवणारं उदाहरण, म्हणजे जिथे नियम लागू पडत नाही ते, दुसरं म्हणून ठेवण्यासारखं असतं.

भाग काढल्यावर काय बिघडलं हे कसं ओळखायचं?

बिघाड काढलेल्या जागी दिसत नाही, तो दोन पानं पुढे दिसतो. म्हणून लेखकाला तो सापडत नाही. लेखकाच्या डोक्यात काढलेला भाग अजून असतोच, आणि रिकामी जागा तो स्वतःच भरून वाचतो.

मधमाशीच्या लेखातच असं घडू शकतं. शब्द वाचवायला प्रयोगांच्या वर्णनातला ‘वासाच्या’ हा शब्द उडवला, नुसत्या ताटल्या ठेवल्या. वाक्य अगदी नीट वाचलं जातं. पण पुढे वादाच्या भागात विरोधक म्हणतात की माश्या वासावरून आल्या असतील, तेव्हा वाचकाला प्रश्न पडतो की हा वास आला कुठून? एक शब्द वाचला आणि 420 शब्दांचा भाग लटकला.

मी अशा खुणा शोधतो: ‘वर म्हटल्याप्रमाणे’ म्हणताना वर तसं काही उरलंय का? ‘दुसरं कारण’ आलं, पण पहिलं गेलं का? ‘हा प्रयोग’, ‘ती माशी’, ‘त्यांनी’ यातले ‘हा’, ‘ती’, ‘ते’ आता भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतायत का? मराठीत हे शेवटचं फार होतं, कारण क्रियापदातून लिंग आणि वचन कळत असल्याने आपण कर्ता सर्रास गाळतो. मधलं वाक्य गेलं की गाळलेला कर्ता बदलतो आणि व्याकरण तक्रार करत नाही. त्यानंतर एखादी संज्ञा पहिल्यांदा कुठे येते आणि तिचा अर्थ कुठे दिला आहे, हे जुळवून पाहावं.

हे सगळं कापणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, शक्यतो मोठ्याने वाचून करावं. आणि ज्याने लांब मसुदा वाचलेला नाही अशा एका माणसाला नवा मसुदा द्यावा. तो ज्या वाक्यापाशी मागे वळून पाहतो, बिघाड तिथेच असतो.

वाक्यांतून काय आधी काढावं?

मराठी गद्यात शब्द साठतात ते क्रियापदाच्या आसपास. हे वाक्य पाहा: ‘या प्रयोगाच्या माध्यमातून असे सिद्ध करण्यात आले की मधमाश्या या दिशेची माहिती देण्याचे काम नाचाच्या साहाय्याने करत असतात.’ अठरा शब्द. त्याचंच ‘या प्रयोगाने सिद्ध झाले की मधमाश्या नाचून दिशा सांगतात’ हे नऊ शब्दांचं रूप. एकही माहिती गेली नाही. ‘करण्यात आले’, ‘देण्याचे काम करते’, ‘च्या माध्यमातून’, ‘च्या संदर्भात’, ‘असे म्हणता येईल की’ एवढंच शोधून काढलं तरी बरंच हलकं होतं.

दोन ठिकाणी हात आखडता घ्यावा. जोडक्रियापदं सरसकट मोडू नयेत. ‘माशी उडाली’ आणि ‘माशी उडून गेली’ यांत एका शब्दाचा फरक आहे, पण पहिलीत ती फक्त हवेत उठली, दुसरीत ती तिथे उरलीच नाही. दुसरं म्हणजे मर्यादा सांगणारे शब्द. ‘नाचातला एक सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर’ यातला ‘साधारण’ उडवला तर वाक्य खोटं होतं, कारण हे प्रमाण मधमाशीच्या जातीनुसार बदलतं. ‘साधारण’, ‘बहुतेक’, ‘काही वेळा’ हे शब्द भिडेपोटी आलेत की सत्यापोटी, ते एकेक तपासूनच ठरवावं.

शब्द कमी दिसावेत म्हणून दोन शब्दांमधली जागा काढणं किंवा संयोगचिन्ह टाकणं, हा फक्त मोजणाऱ्या यंत्राला चकवण्याचा प्रकार आहे. वाचायला तेवढंच लागतं.

नकाशा करूनही काहीच काढण्याजोगं दिसत नाही. तेव्हा?

दोन शक्यता आहेत. वरचं वाक्य फार रुंद असेल, तर प्रत्येक भाग त्यात बसतो आणि कसोटी निकामी होते. ‘मधमाश्यांचं अद्भुत जग’ या वाक्याखाली सातही भाग सुखाने राहतात. वाक्य अरुंद करा आणि नकाशा पुन्हा तपासा.

दुसरी शक्यता अशी की लेख खरोखरच आवळलेला आहे आणि प्रत्येक भाग पुढच्याला धरून आहे. क्रमाने करायच्या सूचना, औषधाचे डोस, कायदेशीर अटी यांत असं असतं. तिथे तिसरा हिस्सा काढला तर उरलेलं धोकादायक होतं. अशा वेळी लेख कापू नका, आवाका कापा: दिशा आणि अंतर यांपैकी फक्त दिशेबद्दल लिहा आणि ते वरच्या वाक्यात आणि शीर्षकात स्पष्ट म्हणा.

काढलेला मजकूर कुठे ठेवावा?

वेगळ्या फाइलमध्ये, भागाच्या नावासह, मूळ जागेच्या नोंदीसह. परत आणायची वेळ फार कमी येते, पण तो हाताशी आहे म्हटल्यावर काढताना हात थरथरत नाही. मूळ मसुदा मात्र त्याच फाइलमध्ये कापू नका, प्रत करून घ्या.

लेख दुसऱ्याचा असेल आणि कापायचा मला असेल तर?

कापलेला लेख पाठवण्याआधी नकाशा पाठवा. वरचं वाक्य, भागांची यादी, कोणता जाणार आणि का. लेखक बहुतेक वेळा भागांबद्दल वाद घालत नाही, त्या एका वाक्याबद्दल घालतो. तो म्हणाला की ‘मला नाचापेक्षा मधमाश्यांच्या घटत्या संख्येबद्दलच लिहायचं होतं’, तर तुम्ही काढणार होतात तो 380 शब्दांचा शेवटच लेखाचा गाभा आहे, आणि नाचाचा भाग एका परिच्छेदावर आणावा लागेल. हे एका पानाच्या नकाशावर कळलं तर नकाशा बदलून कापणी नव्याने आखता येते.